तोंडावर न बोलण्याची गोष्ट

आमच्या घरात 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' असं कुणी कुणाला म्हटल्याचं मला आठवत नाही. कुणी म्हटलंच असतं, तर आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला गेला असता. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्यात काही चूक नाही. पण ते ऐकताना डब केलेल्या मालिकेतलं वाटतं. कुणीतरी दुसऱ्याच भाषेत हललेल्या ओठांवर आपली मराठी बसवल्यासारखं.

घर कराडचं. पप्पा शाळेत क्लार्क होते, आता निवृत्त आहेत. आई घर सांभाळते. मी इंजिनिअरिंगनंतर पुण्यात आलो आणि सहा वर्षं सॉफ्टवेअर कंपनीत काम करतोय. रोज रात्री नऊच्या सुमारास फोन येतो. "जेवलास का?" "हो." "काय?" "पोळी-भाजी." मग फोन पप्पांकडे जातो. "जेवलास का?" हे त्यांनी आत्ताच शेजारी बसून ऐकलेलं असतं, तरी विचारतात. "पाऊस आहे का तिकडं?" "नाही." "इकडं आहे." फोन बंद. सगळं मिळून दोन-अडीच मिनिटं.

आमच्या कामात 'हार्टबीट' नावाचा प्रकार असतो. एक सर्व्हर दुसऱ्याला दर काही सेकंदांनी एक छोटासा निरोप पाठवतो. त्यात सांगण्यासारखं काहीच नसतं. मी आहे, एवढंच. निरोप आला की कुणी लक्ष देत नाही, आला नाही की रात्री दोन वाजता कुणाचा तरी फोन वाजतो. आमचा नऊचा फोन हा हार्टबीटच आहे, असं मी बरीच वर्षं समजत होतो. मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्कीने 1923 मध्ये अशाच बोलण्याबद्दल लिहून ठेवलं आहे. माहिती देण्यासाठी नाही, तर फक्त एकमेकांशी जोडलेलं राहण्यासाठी माणसं बोलतात, असं त्याचं म्हणणं. हवापाण्याच्या गप्पा, कसं काय, बरं आहे ना, हे सगळं त्यात आलं.

पण 'जेवलास का'चं तसं नाही. 'कसं काय' या प्रश्नाला 'वाईट' असं उत्तर दिलं तर समोरचा गोंधळतो. 'जेवलास का'ला 'नाही' म्हणून बघा. आईच्या आवाजाचा पोतच बदलतो. का नाही, बरं नाही का, मेस बंद आहे का, पैसे आहेत का, आणि दोन दिवसांनी कराडहून येणाऱ्या कुणाच्या तरी हातून थालीपीठाची भाजणी आणि शेंगदाण्याची चटणी पोचलेली असते. हा प्रश्न खराखुरा असतो, त्याच्या उत्तरावर कृती होते. माझ्या टीममध्ये एक तमिळ सहकारी आहे, त्याच्या घरून 'साप्टिया?' असा फोन येतो. अर्थ तोच, आणि 'नाही' म्हटल्यावरची धावपळही तीच.

हे सगळं मी कौतुकाने सांगू शकलो असतो. आपली माणसं बोलून दाखवत नाहीत, करून दाखवतात, असे लेख वर्षातून दोनदा तरी आपल्या वाचनात येतात. पण गेल्या पावसाळ्यात एक गोष्ट घडली आणि तेव्हापासून मला या भाषेबद्दल नुसतं कौतुक वाटेनासं झालं आहे.

पप्पांना पंधरा वर्षं मधुमेह आहे. गेल्या वर्षी किडनीचं काम कमी झाल्याचं कळलं. डायलिसिसची वेळ आलेली नाही, पण खाण्यावर बंधनं आली. आहारतज्ज्ञ बाईंनी एक कागद दिला, तो फ्रीजवर चिकटवला गेला. दिवसभरात सगळं मिळून मीठ 5 ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा. लोणचं, पापड बंद. डाळ एक लहान वाटी. केळी, मोसंबी, शहाळं बंद, कारण त्यात पोटॅशियम. किडनी नीट चालत नसली की पोटॅशियम शरीराबाहेर जात नाही, रक्तात साठतं, आणि फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडवतं. बटाटा, पालेभाज्या खायच्या तर बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायच्या आणि ते पाणी फेकून द्यायचं.

या कागदाने आमच्या घराची बोली बंद पाडली. हे मला तेव्हा कळलं नाही, पण आता दिसतं. पप्पांना काय आवडतं ते माहीत असणं, ही आईची चाळीस वर्षांची विद्या. भरली वांगी, त्यावर तेल, कडेला मिरचीचा ठेचा. ते राग धरून बसले असतील तर ताटात काय वाढायचं, बाहेरून दमून आले तर काय, हे सगळं तिला ठाऊक. आता त्या सगळ्यावर काट मारलेली. ती अळणी भाजी करायची आणि ताट समोर ठेवून लगेच स्वयंपाकघरात निघून जायची. तिथे उभं राहून 'अजून घ्या' म्हणायची सोय उरली नव्हती. पप्पाही गप्प जेवायचे. ते रागावले आहेत असं तिला वाटायचं, आणि ती वैतागली आहे असं त्यांना. दोघंही फोनवर मला म्हणायचे, "बाकी सगळं ठीक."

मला वाटलं, आपण काहीतरी केलं पाहिजे. म्हणजे आमच्या पद्धतीने करणं: न विचारता, न सांगता, वस्तू पाठवून. मी ऑनलाइन कमी सोडियमचं मीठ शोधलं, तीन पाकिटं मागवली, पत्ता कराडचा घातला. फोनवर फक्त म्हणालो, "एक पार्सल येईल, पप्पांसाठी आहे, त्यांच्या जेवणात वापर." आई म्हणाली, "बरं." ती बोलली नाही, पण पोराने बापासाठी काहीतरी पाठवलं म्हणून खूश झालेली आवाजावरून कळत होती. कमी सोडियमचं आहे म्हटल्यावर तिने हातही जरा सैल सोडला. भाजीला पुन्हा चव आली. पप्पांनी एके दिवशी ताट चाटूनपुसून साफ केलं, हे तिने मला फोनवर दोनदा सांगितलं.

सात आठवड्यांनी तपासणी झाली. आधी पोटॅशियम 5.2 होतं, ते 6.3 निघालं. लगेच ईसीजी, औषधं, एक रात्र दवाखान्यात. मी पहाटेची एसटी पकडून गेलो. डॉक्टरांनी सगळं खाणं विचारता विचारता मिठाचं पाकीट आणायला सांगितलं आणि त्यावरच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. अशा मिठात सोडियम कमी करताना सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. रक्तदाब असलेल्या पण किडनी धडधाकट असलेल्या माणसाला ते चालतं, उपयोगीही पडतं. किडनीच्या रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, असं पाकिटावर छापलेलं होतं.

मी बाहेर बाकावर बसून हिशेब केला. आमच्या पाकिटात पोटॅशियम क्लोराइड 15 टक्के होतं. सैल हाताने दिवसाला 8 ग्रॅम मीठ धरलं तर 1.2 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, त्यातलं निम्म्याहून थोडं जास्त निव्वळ पोटॅशियम, म्हणजे 600 मिलिग्रॅमच्या पुढे. एका मध्यम केळ्यात 400 च्या आसपास असतं. थोडक्यात, फ्रीजवरच्या कागदाने केळी बंद केली होती आणि मी पुण्यात बसून त्यांना मिठातून रोज दीड केळं भरवत होतो.

डॉक्टरांनी विचारलं होतं, "हे मीठ कुणी आणलं?" मी शेजारीच उभा होतो. आई म्हणाली, "मीच. दुकानातनं." तिने माझ्याकडे बघितलंही नाही. मग डॉक्टर तिला पाच मिनिटं बोलले, आणि मी उभा राहून ऐकलं.

तेव्हापासून मला प्रश्न पडला आहे तो असा: आम्ही हे बोलत का नाही, आणि न बोलल्यामुळे काय काय आपोआप घडतं?

पहिलं उत्तर सगळ्यांना सुचतं, की आपल्याकडे भावना दाबून ठेवतात. हे मला पटत नाही, कारण मराठीत माया, लळा, जिव्हाळा, ओढ, कळवळा, जीव लावणं असे कितीतरी शब्द आहेत. दाबणाऱ्यांची भाषा इतकी भरलेली नसते. शिवाय जात्यावरच्या ओव्या आहेत. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यातल्या थोड्या जरी ऐकल्या तरी भाऊ, लेक, आई, बाप, सगळ्यांवरचं प्रेम उघड, सविस्तर, मोठ्या आवाजात सांगितलेलं सापडतं. फक्त ज्याच्याबद्दल आहे तो समोर नसतो. पहाट असते, जातं असतं, फार तर समोर बसलेली जाऊ असते. भाऊ दहा कोसांवर झोपलेला असतो.

म्हणजे प्रेम बोलायचं नाही असा नियम नाहीच. तोंडावर बोलायचं नाही, एवढाच आहे. आई मला कधी काही म्हणत नाही, पण शेजारच्या काकूंना ती माझ्याबद्दल काय सांगते ते मी जिन्यात उभा राहून ऐकलेलं आहे. ऐकून मला खाली उतरायला पाच मिनिटं लागली होती.

तोंडावर का नाही? याची एक जुनी आणि गंभीर बाजू म्हणजे भीती. मार्गारेट ट्रॉइक ही अमेरिकन अभ्यासक 1970 च्या दशकात तमिळनाडूत एका कुटुंबासोबत राहिली. 1990 मध्ये तिचं त्यावरचं पुस्तक आलं. ती लिहिते की तिथे प्रेमाचा, 'अन्बु'चा, पहिला गुण म्हणजे आवरून धरणं, त्याला तिथे 'अडक्कम' म्हणतात. आईचं प्रेम सगळ्यात जोरकस, म्हणून ते सगळ्यात जास्त आवरायचं. झोपलेल्या बाळाकडे आईनेही डोळे भरून बघत राहू नये, कारण नजर परक्याचीच लागते असं नाही. म्हणून प्रेम तिथे कधी कठोरपणाचं सोंग घेतं, कधी दुर्लक्षाचं.

हे वाचताना मला परकं काहीच वाटलं नाही. आपल्याकडे आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्याचं नाव दगडू, धोंडू, केरू, भिकू ठेवत. दगड आहे, केर आहे, भीक मागून आणलेला आहे, याला नेण्यासारखं काही नाही, असं दैवाला सांगायचं. आमच्या वंशावळीत दोन धोंडू आहेत. लहानपणी आम्ही त्यावर हसायचो. त्या नावाच्या मागे किती बाळंतपणं गेली असतील, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणायचं, लाडात आल्यावर 'मेल्या' म्हणायचं, बाळाच्या गालावर मुद्दाम काळी तीट लावून चेहरा जरा बिघडवायचा, ही सगळी त्याच कुळातली. ज्या घरात मूल पाच वर्षांचं होईल याची खात्री नव्हती, तिथे 'तू माझा जीव आहेस' असं उघड म्हणणं म्हणजे पत्ता सांगण्यासारखं होतं.

दुसरी बाजू घराच्या रचनेची. रमाबाई रानड्यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या 1910 च्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे की न्यायमूर्ती त्यांना शिकवत आणि घरातल्या मोठ्या बायका त्यावरून त्यांचा छळ करत. हा प्रसंग आपण स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात वाचतो आणि ते बरोबरच आहे. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे. एका नवऱ्याने एका बायकोला उघडपणे वेळ देणं हाच त्या घरात एक प्रकारचा गुन्हा होता. पंधरा माणसांच्या घरात प्रेम जाहीर करणं म्हणजे वाटणी जाहीर करणं. वडीलधाऱ्यांसमोर बापाने स्वतःचं पोर उचलून घ्यायचं नाही, हा संकेत आमच्या आजोबांपर्यंत चालत आला होता. स्वतःच्या मुलाला उचललं की भावाच्या मुलाला उचललं नाही हे लगेच दिसतं. बोललेला शब्द सगळ्यांना ऐकू जातो. ताटात मात्र गंमत करता येते. पंक्तीत सगळ्यांना तेवढाच भात, पण एखाद्याच्या भाताखाली तुपाची धार जरा जास्त. ती फक्त वाढणारीला आणि जेवणाऱ्याला माहीत.

आणि तिसरी बाजू, जी मला स्वतःला सगळ्यात जास्त पटते: तोंडावर बोललेल्या प्रेमाला उत्तर द्यावं लागतं. 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' यानंतर गप्प बसणं म्हणजे नकारच. समोरच्याला त्याच क्षणी, त्याच मापाने परत करावं लागतं. ताट तसं नाही. समोर ठेवलेलं जेवलं की झालं. रिकामं ताट ही पोच, आणि ती देताना मान खाली असली तरी चालते. आमच्या पप्पांसारख्या माणसाला, ज्यांना आभार मानतानासुद्धा घसा खाकरावा लागतो, हा केवढा मोठा दिलासा असेल.

इथपर्यंत मी या पद्धतीचा वकील आहे. भीती खरी होती, घराची अडचण खरी होती, आणि माणसाला न अवघडवता प्रेम करता येणं ही सुसंस्कृत गोष्ट आहे. या पद्धतीत खोटंही फार काळ टिकत नाही. तोंडाने कुणीही काहीही म्हणू शकतं. पण केवळ कर्तव्य म्हणून केलेला स्वयंपाक आणि जीव लावून केलेला स्वयंपाक यांतला फरक जेवणाऱ्याला कळतो. चवीने नाही, कारण कर्तव्याचा स्वयंपाकही चविष्ट असू शकतो. तो कळतो तपशिलाने. लहानपणी मला पोह्यांतले शेंगदाणे आवडायचे नाहीत. तेव्हापासून आई माझे पोहे बाजूला काढून मग बाकीच्यांत शेंगदाणे घालते. पंचवीस वर्षं. याला पुरावा म्हणतात.

पण शेंगदाण्यांची पुढची गोष्टही सांगायला हवी. तीन वर्षांपूर्वी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये खाऊन खाऊन मला पोह्यांत शेंगदाणे आवडायला लागले. आईला मी हे सांगितलं नाही. ती एवढं बाजूला काढते, तिला कसं सांगायचं? सांगितलं तर तिच्या हातून काहीतरी काढून घेतल्यासारखं होईल. म्हणून मी कराडला गेलो की बिनशेंगदाण्यांचे पोहे निमूट खातो. आमच्या धंद्यातला माणूस याला ओळखेल. एकदा साठवून ठेवलेलं उत्तर, जे मूळ बदललं तरी कुणी ताजं केलंच नाही. रोज तेच दिलं जातं, देणारा आणि घेणारा दोघेही समाधानी, आणि माहिती तीन वर्षं शिळी.

मिठाच्या बाबतीत हेच झालं. न बोललेल्या प्रेमाचा सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा आहे: न विचारता कळणं. 'विचारायचं काय त्यात?' हे आपल्याकडे दुखावलेल्या माणसाचं वाक्य आहे. पाहुण्याला 'चहा घेणार का?' असं विचारणं म्हणजे त्याला 'नको' म्हणायची वाट दाखवणं. पुण्यावरचे निम्मे विनोद याच एका प्रश्नावर चालतात. खरा आग्रह म्हणजे कप समोर आणून ठेवणं. ज्याला विचारावं लागतं त्याला जिव्हाळा नाही, असा आपला हिशेब. त्यामुळे मी आईला विचारलं नाही की कागदावर नेमकं काय काय लिहिलंय. आईने मला विचारलं नाही की हे मीठ कसलं आहे, कारण पोराने पाठवलेल्या वस्तूची चौकशी करायची नसते. पप्पांनी विचारलं नाही की अचानक भाजीला चव कशी आली. ते ताट पुसून खात राहिले, कारण तीच त्यांची पोच होती. तिघांनीही आपापल्या परीने प्रेमच केलं. एकाने जरी 'कुठलं मीठ?' एवढं विचारलं असतं, तर फ्रीजवरच्या कागदाशी पाकीट ताडून बघायला अर्धा मिनिट लागला असता.

एका छपराखाली, एका चुलीवर, रोज समोर बसून जेवणाऱ्या माणसांमध्ये ही पद्धत चालायची, कारण चुकीचा अंदाज दुसऱ्याच जेवणाला उघडा पडायचा. उरलेलं अन्न बोलायचं. आता मुलगा दीडशे किलोमीटरवर, बापाच्या शरीराचे नियम दर तीन महिन्यांनी बदलणारे, आणि जी भाजी काल माया होती ती आज अपाय. यात न विचारता कळेल कसं?

आणखी एक गोष्ट मी आधी टाळत होतो. ही भाषा फुकट नाही, आणि ती बोलण्याचं काम सगळ्यांना सारखं वाटलेलं नाही. पप्पांचं प्रेम 'पाऊस आहे का' मध्ये मावतं. आईचं प्रेम म्हणजे पहाटे साडेपाचला उठणं. आम्ही दोघं पुरुष तिच्या भाषेचे उत्तम वाचक आहोत, लेखक नाही. आणि दवाखान्यात 'मीच आणलं' म्हणून तिने जो आरोप अंगावर घेतला, तोही त्याच भाषेतला होता. इतका सुंदर की मला गप्प बसता आलं. तोंडावर न बोलण्याच्या सवयीने प्रेम लपतं तसं भित्रेपणही लपतं. 'मी पाठवलं होतं' हे चार शब्दांपेक्षा कमी आहे आणि ते तिथल्या तिथे, डॉक्टरांसमोर म्हणायला हवं होतं. मी ते दुसऱ्या दिवशी सकाळी म्हटलं, राउंडला आलेल्या डॉक्टरांना, आई शेजारी असताना. डॉक्टर म्हणाले, "बरं, आता बंद करा ते." आई मला म्हणाली, "कशाला बोललास?" पप्पा छताकडे बघत होते.

त्यानंतर मी दहा दिवस कराडहून काम केलं. बटाटा कसा करायचा ते शिकलो. साल काढायची, पातळ काप करायचे, कोमट पाण्यात दोन तास ठेवायचे, ते पाणी ओतून द्यायचं, मग पुन्हा भरपूर पाण्यात उकळायचे आणि तेही पाणी टाकायचं. सगळं पोटॅशियम जात नाही, पण बरंच जातं. म्हणून त्यानंतरही भाजी वाटीभरच. उरतं ते जवळजवळ बेचव. त्याला मिरची, लसूण, लिंबाचे चार थेंब आणि मोजलेलं साधं मीठ. पहिल्या दिवशी माझी भाजी अगदीच पाणचट झाली. मी ताट ठेवून आत निघालो होतो, तेवढ्यात आईची आठवण आली. ती अशीच निघून जायची. म्हणून तिथेच बसलो आणि विचारलं, "कशी झालीय?"

पप्पांनी एक घास चावला. "चव नाही," म्हणाले.

"लसूण वाढवू का?"

"वाढव." थोड्या वेळाने, "आणि काप जरा जाड ठेव, पिठूळ होतंय."

चाळीस वर्षांत त्यांनी आईला इतकी सविस्तर सूचना दिली असेल असं मला वाटत नाही. आई दारात उभी राहून ऐकत होती. तिला बरं वाटलं की वाईट, मला सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी मात्र काप तिने जाड केले होते.

संध्याकाळी पप्पांच्या मित्राचा फोन आला. मी आतल्या खोलीत लॅपटॉपवर होतो, दार उघडं होतं. पप्पा जरा मोठ्यानेच सांगत होते, "पोरगं आलंय. बटाटा दोनदोनदा धुऊन करतंय. काय नाय, चव नसती त्याला. पण संपवतो."

निघायच्या दिवशी सकाळी पोहे होते. आई माझे बाजूला काढत होती. मी म्हणालो, "माझ्यात घाल शेंगदाणे."

"तू कुठं खातोस?"

"खातो. तीन वर्षं झाली."

तिने कढईतून हात काढला आणि माझ्याकडे बघितलं. ती चिडली होती, खरोखर चिडली होती. "आणि आत्ता सांगतोयस?" म्हणाली. मग शेंगदाण्यांची वाटी माझ्याकडे सरकवली, आणि पप्पांचे पोहे बाजूला काढायला घेतले. कागदावर शेंगदाणेही आहेत.